पुनरुक्ती मोजावी कशी? ब्लूमफील्ड, जाकार, ब्रोडर आणि अंगणातली तुळस

आमच्या लहानशा अभ्यासमंडळाकडे जुन्या वाड्यांच्या आणि गावांच्या छायाचित्रांचा एक संग्रह आहे. त्यातले एक छायाचित्र रोज सकाळी खाली एकदोन ओळींचे कॅप्शन देऊन प्रसिद्ध होते. ही कॅप्शने रोजच्या रोज लिहिली जात नाहीत. चार जण सवडीने लिहितात, लिहिलेली ओळ रांगेत जाऊन बसते आणि आपल्या दिवशी आपोआप बाहेर पडते. साडेपाच वर्षांत अशी सुमारे दोन हजार कॅप्शने झाली. मग एके दिवशी एका जुन्या वाचकाने दोन ओळी एकाखाली एक लिहून पाठवल्या आणि त्याखाली फक्त एक प्रश्नचिन्ह काढले. पहिली ओळ अशी : ‘पहिल्या पावसात भिजलेला वाडा आणि अंगणातली तुळस’. दुसरी, चार महिन्यांनंतरची : ‘अंगणातली तुळस आणि पहिल्या पावसात भिजलेला जुना वाडा’.

पहिली ओळ मंडळातल्या बाईंची. तीस वर्षे मराठी शिकवलेल्या बाईंना ते प्रश्नचिन्ह फार लागले. दुसरी ओळ त्यांनी लिहिलीच नव्हती. ती एका तरुण सहकाऱ्याची होती आणि त्याने बाईंची ओळ पाहिल्याचे त्याला आठवत नव्हते. दोघेही खरे बोलत होते, असे मला वाटते. एकाच संग्रहातली छायाचित्रे वर्षानुवर्षे पाहणाऱ्या माणसांच्या मनात तेच शब्द त्याच खोबणीत जाऊन बसतात. पण मग प्रश्न उरला तो असा : दोन हजार ओळींत अशा आणखी किती जोड्या आहेत, आणि रांगेत शिरणारी नवी ओळ जुन्या कोणत्या ओळीची सावली आहे, हे बाहेर पडण्यापूर्वी कसे ओळखावे?

पहिला उपाय कोणालाही सुचेल तोच आम्ही केला. सगळी कॅप्शने एका रकान्यात घेऊन अकारविल्हे लावली. अक्षरशः सारख्या ओळी लगेच शेजारी आल्या. पण वरची जोडी सापडली नाही, कारण एक ओळ ‘प’मध्ये गेली आणि दुसरी ‘अ’मध्ये. त्या दोहोंच्या मध्ये शेकडो ओळी होत्या.

साहित्याच्या विद्यार्थ्याला ही अडचण नवी वाटू नये. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले संस्कृतचे प्राध्यापक मॉरिस ब्लूमफील्ड यांनी १९०६ साली ‘वेदिक कॉन्कॉर्डन्स’ हा हजाराहून अधिक पानांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तोपर्यंत छापल्या गेलेल्या वैदिक वाङ्मयातील ऋचांचा प्रत्येक चरण त्यात वर्णानुक्रमाने लावलेला आहे. त्याच आधारावर १९१६ साली त्यांचे ‘ऋग्वेद रिपिटिशन्स’ आले. ऋग्वेदातले कोणते चरण जसेच्या तसे किंवा किंचित बदलून पुन्हा येतात, याचा तो शोध आहे. जवळजवळ सारख्या ओळींची ही बहुधा सर्वांत मोठी हाताने केलेली मोजदाद म्हणावी लागेल. वर्णानुक्रमाचे बळ आणि मर्यादा दोन्ही तिथे दिसतात. ज्या चरणांचा आरंभ समान आणि शेवट निराळा, ते आपोआप शेजारी येतात. पण ज्यांचा पहिलाच शब्द बदलला, त्यांची ताटातूट होते. त्यांची गाठ घालून द्यायला सगळे वाङ्मय कानात असलेला माणूस लागतो. ब्लूमफील्ड तसे होते. आमच्या मंडळात तसे कोणी नाही, आणि कॅप्शनांसाठी कोणी तसे व्हावे अशी अपेक्षाही नाही.

ब्लूमफील्डांच्या मोजणीत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे पुढे यावे लागेल. पुनरावृत्त चरण म्हणजे दोष, असे त्यांनी मानलेले नाही. दोन चरणांतला कोणता आधीचा आणि कोणता नंतरचा, कोणत्या ठिकाणी तो अर्थाला घट्ट बसतो आणि कोठे उपरा वाटतो, हे ते विचारतात.

वर्णानुक्रम सोडून द्यायचा, तर आरंभावर अवलंबून नसलेले माप हवे. ते एका वनस्पतिशास्त्रज्ञाकडून आले. पॉल जाकार हे स्विस अभ्यासक आल्प्समधल्या द्रांस नद्यांच्या खोऱ्यातील आणि आसपासच्या प्रदेशांतील वनस्पतींची तुलना करत होते. दोन प्रदेशांतील वनस्पतिसृष्टी किती सारखी आहे, हे नुसते ‘बरीच सारखी’ असे न म्हणता आकड्यात कसे सांगावे? १९०१ सालच्या त्यांच्या लेखनात याचे साधे उत्तर आहे. दोन्हीकडे आढळणाऱ्या जातींची संख्या घ्यावी आणि दोन्हीकडच्या मिळून एकूण वेगवेगळ्या जातींच्या संख्येने तिला भागावे. काहीच समान नसेल तर शून्य, सगळेच समान असेल तर एक. (जाकार ते शंभराच्या पटीत सांगत.) कोणती जात डोंगरात आधी भेटली आणि कोणती नंतर, याला या मापात स्थान नाही.

आता वाड्याच्या दोन ओळी घेऊ. बाईंच्या ओळीत सात शब्द आहेत, सहकाऱ्याच्या ओळीत आठ. सातही शब्द समान, एक ‘जुना’ तेवढा अधिक. म्हणजे सात भागिले आठ, सुमारे ०.८८. अकारविल्हे यादीने जी जोडी लपवली, ती जाकारांच्या भागाकाराने एका क्षणात समोर आणली. शब्दांच्या क्रमाकडे पाठ फिरवणे हीच इथे त्याची शक्ती ठरली.

पण सर्वच लेखनाला क्रमाकडे पाठ फिरवून चालत नाही. दोन मोठ्या लेखांत तेच नेहमीचे शब्द असतात, म्हणून ते लेख एकमेकांची नक्कल ठरत नाहीत. १९९७ साली आंद्रेई ब्रोडर आणि डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधील त्यांचे सहकारी यांच्यापुढे हाच प्रश्न होता. अल्टाव्हिस्टा या तेव्हाच्या शोधयंत्राने गोळा केलेल्या सुमारे तीन कोटी पानांतून जवळजवळ सारखी पाने त्यांना शोधायची होती. त्यांनी मजकुराचे सलग दहा-दहा शब्दांचे तुकडे पाडले : पहिल्यापासून दहाव्यापर्यंत एक, दुसऱ्यापासून अकराव्यापर्यंत दुसरा, असे एकमेकांवर चढलेले. या तुकड्यांना त्यांनी ‘शिंगल’ म्हटले, म्हणजे छपरावर एकावर एक चढवून बसवतात त्या फळ्या. आपल्याकडे ‘कौल’ म्हणावे. मग शब्दांऐवजी कौलांवर जाकारांचा भागाकार. दहा शब्दांचे कौल दोन ठिकाणी जसेच्या तसे आढळले, तर तो योगायोग असण्याची शक्यता फार थोडी.

तीन कोटी पानांच्या जोड्या करायच्या तर त्या ४५ कोटींच्या दहा लाख पट होतात. ब्रोडर यांची युक्ती इथे आहे आणि ती सांगण्याजोगी सुंदर आहे. जगातल्या प्रत्येक कौलाला सोडतीसारखा एक क्रमांक द्यावा. एकच कौल कोठेही आढळले तरी क्रमांक तोच. मग प्रत्येक पानातल्या कौलांपैकी सर्वांत लहान क्रमांक तेवढा लिहून ठेवावा. दोन पानांचा हा लहानात लहान क्रमांक एकच निघण्याची शक्यता बरोबर जाकारांच्या भागाकाराइतकी असते, कारण दोन्ही पानांतल्या एकूण कौलांपैकी कोणालाही ‘सर्वांत लहान’ होण्याची सारखीच संधी आहे आणि ते कौल समाईक असेल तरच दोन्हीकडे तोच क्रमांक येतो. अशा अनेक सोडती काढल्या की किती वेळा क्रमांक जुळले, यावरून साम्याचा अंदाज येतो. मूळ पाने पुन्हा शेजारी ठेवावी लागत नाहीत.

आम्हांला या सोडतीची गरज पडली नाही. दोन हजार ओळींच्या सर्व जोड्या जेमतेम वीस लाख होतात आणि नव्या एका ओळीची तुलना तर फक्त दोन हजारांशी. साधा संगणक हे काम चहा ओतेपर्यंत संपवतो. मोठ्या यंत्रणांसाठी शोधलेली युक्ती लहान कामात आणली की तिच्या अंदाजातली चूकही सोबत येते, आणि ती विनाकारण.

पण ब्रोडर यांची कौले तरी घ्यावीत ना? इथे आमची पहिली खरी चूक झाली. एका सहकाऱ्याने तीन-तीन शब्दांची कौले पाडून मोजणी केली. बाईंच्या ओळीची पाच कौले होतात, दुसरीची सहा. समान किती? एकच : ‘पहिल्या पावसात भिजलेला’. एकूण वेगवेगळी दहा, म्हणजे साम्य ०.१०. दोन-दोन शब्दांची घेतली तर तीन समान, एकूण दहा, म्हणजे ०.३०. आणि दहा शब्दांचे कौल घ्यायचे म्हटले, तर आठ शब्दांच्या ओळीत ते एकही बसत नाही. जी जोडी डोळ्यांना सरळ नक्कल दिसते, तिचे साम्य कौलाची लांबी बदलताच ०.८८ वरून ०.१० वर येते. कौल लेखासाठी चांगले. ओळीसाठी ते फार लांब पडते. कॅप्शनसारख्या त्रोटक लेखनात एक शब्द हलला की बहुतेक सगळी कौले फुटतात.

म्हणून आम्ही सुट्या शब्दांवर परतलो आणि तिथे मराठीने आम्हांला अडवले. रांगेत एक तिसरी ओळ होती : ‘पहिला पाऊस, भिजलेले वाडे, अंगणात तुळस’. कोणताही वाचक म्हणेल की ही बाईंचीच ओळ आहे. शब्दांचा हिशेब मात्र म्हणतो की समान शब्द एकच, ‘तुळस’. एकूण वेगवेगळे बारा, म्हणजे ०.०८. उलट चौथी एक ओळ पाहा : ‘पहिल्या पावसात वाहणारी नदी आणि घाटातला धबधबा’. चित्र निराळे, स्थळ निराळे. पण ‘पहिल्या’, ‘पावसात’, ‘आणि’ हे तीन शब्द समान, एकूण अकरा, म्हणजे ०.२७. मापाने खऱ्या पुनरुक्तीला खाली ढकलले आणि निर्दोष ओळीला वर बसवले. विभक्तिप्रत्ययांपूर्वीचे सामान्यरूप, लिंगवचनाप्रमाणे बदलणारी विशेषणे, यांमुळे मराठीत एकच शब्द इतकी रूपे घेतो की शब्द हे एकक तुलनेला टिकत नाही. इंग्रजीत हा त्रास इतका जाणवत नाही, आणि या विद्येची बहुतेक उदाहरणे इंग्रजी मजकुरावर बेतलेली असतात.

उपाय असा की शब्दाच्याही आत शिरावे आणि तीन-तीन चिन्हांचे तुकडे पाडावेत. संगणक देवनागरी साठवतो तेव्हा काना, वेलांटी, मात्रा ही वेगळी चिन्हे असतात. ‘वाडा’ म्हणजे व, काना, ड, काना अशी चार. ‘भिजलेला’ आणि ‘भिजलेले’ यांचे प्रत्येकी पाच तुकडे पडतात आणि त्यांतले चार समान असतात. फरक फक्त शेवटच्या तुकड्यात. ‘अंगणात’चे चारही तुकडे ‘अंगणातली’मध्ये सापडतात. याप्रमाणे पूर्ण ओळींचा हिशेब केला तर बाईंच्या ओळीचे पंचवीस तुकडे, तिसऱ्या ओळीचे अठरा, समान तेरा, एकूण वेगवेगळे तीस. साम्य ०.४३. नदी-धबधब्याच्या ओळीचे चोवीस तुकडे, समान अकरा, एकूण अडतीस. साम्य ०.२९. आता क्रम डोळ्यांशी जुळला. मूळ जोडी तर ०.९३ वर गेली.

एक गंमत नोंदवतो. ‘पाऊस’ आणि ‘पावसात’ यांचा एकही तुकडा समान नाही. ‘ऊ’चा ‘व’ झाला आणि एवढ्या लहान शब्दात तेवढ्याने सारे तुकडे बदलले. व्याकरण शिकलेल्या माणसाला जे रूपांतर क्षुल्लक वाटते, ते या मापाला दिसतच नाही. बाकीच्या शब्दांनी ती ओळ सावरून धरली म्हणून ती सापडली.

चिन्हांच्या पातळीवर उतरल्यावर आणखी एक खड्डा लागला. ‘दऱ्या’ हा शब्द पडद्यावर एकसारखा दिसतो, पण तो लिहिण्याच्या दोन रीती आहेत. कोणी `U+0931` हे चिन्ह वापरून अर्धा र काढतो, तर कोणी साधा र, हलन्त आणि त्यापुढे `U+200D` हे अदृश्य जोडचिन्ह वापरून. युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमांनी या दोन रीती एक होत नाहीत. ‘अॅ’ आणि ‘ॲ’ यांचेही तसेच. आमच्या चौघांपैकी दोघांचे कळफलक निराळे होते, त्यामुळे त्यांच्या ओळी एकमेकींशी नेहमीच थोड्या कमी जुळत. हे ओळखण्याची खूण सोपी आहे : डोळ्यांना हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या दोन ओळींचे साम्य एकापेक्षा कमी आले, तर दोष मापात नसून लिपीच्या साठवणीत आहे. तुलनेपूर्वी आम्ही ही रूपे एका रीतीची करून घेतो, विरामचिन्हे काढतो, आणि मराठी व इंग्रजी आकडे एका लिपीत आणतो. प्रसिद्ध होणाऱ्या ओळीला अर्थातच हात लावत नाही.

आणखी एक उपद्रव शेपटाचा. प्रत्येक कॅप्शनाच्या शेवटी ‘आमच्या संग्रहातून, दर सकाळी’ असे चार शब्द असत. नदीच्या ओळीचे बाईंच्या ओळीशी शब्दांतले साम्य ०.२७ होते, हे शेपूट दोन्हींना लावले की समान सात, एकूण पंधरा, म्हणजे ०.४७. सगळ्यांनी एकच गणवेश घातला की सगळे भाऊ दिसतात. शेपूट कापून टाकणे हा सरळ उपाय. जिथे ते जागा बदलत राहते तिथे केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली मांडलेले तत्त्व कामी येते : जो शब्द जितक्या अधिक ठिकाणी आढळतो, तितके त्याचे वजन कमी धरावे. ‘आणि’ला जवळजवळ काही वजन नाही, ‘धबधबा’ला पुष्कळ आहे. पण या वजनालाही आपली खोड आहे. लहान संग्रहात एकदाच आलेला चुकीचा टंकलेला शब्दही अत्यंत ‘दुर्मीळ’ ठरतो आणि नको तितका भाव खातो.

माप ठरले, तरी रेषा कोठे ओढायची हे माप सांगत नाही. आम्ही साम्याच्या उतरत्या क्रमाने जोड्या लावल्या, वरच्या दोनशे छापून घेतल्या, आणि बाईंनी व त्या तरुण सहकाऱ्याने वेगवेगळे बसून प्रत्येकीपुढे ‘तीच’ किंवा ‘वेगळी’ असे लिहिले. ०.६० च्या वर दोघांचे मत बहुतेक एक होते. ०.३० च्या जवळ पुन्हा एक होते. मधल्या पट्ट्यात वाद झाले आणि ते वाद ऐकण्यासारखे होते. एकाला जिथे शब्दांची पुनरुक्ती दिसे, तिथे दुसऱ्याला प्रकाशाचा किंवा ऋतूचा फरक दिसे. अखेर ०.४० वर रेषा ओढली. तिच्या वरची ओळ यंत्र काढून टाकत नाही. ती बाजूला ठेवते आणि तिची जुनी जुळी ओळ, तारखेसह, शेजारी दाखवते. तुलना केवळ प्रसिद्ध झालेल्या ओळींशी करून भागत नाही, हेही पहिल्याच आठवड्यात कळले. रांगेत थांबलेल्या दोन ओळी एकमेकींच्या जुळ्या असू शकतात, आणि दोन्ही ‘इतिहासात’ नसल्यामुळे दोन्ही निसटतात.

या मापाला अर्थ कळत नाही, हे वेगळे सांगायला नको. ‘वळिवाने न्हालेले वृंदावन’ ही ओळ बाईंच्या ओळीची छायाच आहे. तिचे साम्य ०.०३ येते, तेही ‘भिजलेला’ आणि ‘न्हालेले’ यांतल्या ‘लेल’ या एका तुकड्यामुळे. अशी ओळ अजूनही माणसालाच पकडावी लागते. आम्ही तिला पकडत नाही. शब्द बदलण्याचे कष्ट ज्याने घेतले, त्याने काहीतरी नवे पाहिले असण्याची शक्यता आम्ही मान्य करतो.

खरी अडचण उलट बाजूने आली. रेषा ओढल्यानंतरच्या महिन्यात बाईंनी बारा ओळींची एक मालिका रांगेत टाकली. एकाच वाड्यातल्या एकाच तुळशीवृंदावनाची बारा महिन्यांची छायाचित्रे आणि खाली फक्त ‘वाड्यातील तुळस : आषाढ’, ‘वाड्यातील तुळस : श्रावण’ अशा ओळी. या दोहोंचे नऊ तुकडे समान, एकूण पंधरा, साम्य ०.६०. यंत्राने पहिली सोडून अकराही ओळी बाजूला ठेवल्या. बाईंना वाटले की आपल्यावर पुन्हा तोच आरोप झाला, आणि या वेळी तर एका भागाकाराकडून.

मला तेव्हा ब्लूमफील्ड आठवले. पुन्हा आलेली ओळ चुकून आली की बोलावून आणली, हे दोन ओळी शेजारी ठेवून कळत नाही. त्या कोणत्या रचनेत बसल्या आहेत, हे पाहावे लागते. ध्रुपद हे व्याख्येनेच जवळजवळ सारख्या ओळींची पुनरावृत्ती असते, आणि जाकारांचा भागाकार ध्रुपदाला नेमका सर्वांत आधी पकडेल. आता रांगेत ओळ टाकताना लिहिणारा तिला मालिकेचे नाव देऊ शकतो. एका मालिकेतल्या ओळींची आपसांत तुलना होत नाही, बाहेरच्या ओळींशी होते. मालिका कोणी जाहीर करावी यावर बंधन नाही. मात्र पहिली ओळ बाहेर पडण्यापूर्वी ती जाहीर झालेली असावी लागते. हा नियम बाईंनीच सुचवला, आणि तो फार कडक आहे असे त्या तरुण सहकाऱ्याचे अजून म्हणणे आहे.

तुळशीची मालिका चैत्रापासून सुरू झाली. ‘वाड्यातील तुळस : आषाढ’ ही ओळ बाहेर पडण्यापूर्वी यंत्राने ती एकदा तपासली, आणि बाहेरच्या दोन हजार ओळींपैकी तिच्या सर्वांत जवळ कोणती आहे हे दाखवले. ती ओळ बाईंची नव्हती, त्या सहकाऱ्याचीही नव्हती. ती माझी होती, आणि लिहिल्याचे मला मुळीच आठवत नव्हते.